गोबी मंच्युरियन सॉसमध्ये मऊ पडतं? कोटिंगपासून टॉस करेपर्यंत सगळं सविस्तर

मागच्या वर्षी श्रावणात आमच्याकडे दिचोलीला नणंद आणि तिची पोरं येणार होती. श्रावण म्हणजे घरात सगळं शिवराक, पोरांना तर काहीतरी चमचमीत हवं, म्हणून मी म्हटलं गोबी मंच्युरियन करूया. हुशारी करून चार वाजताच फ्लॉवर तळून स्टीलच्या डब्यात झाकण लावून ठेवला, सात वाजता सॉस केला, त्यात ओतला, पाच मिनिटं "मुरू दे" म्हणून झाकून ठेवला आणि वाढला. नणंद दोन घास खाऊन म्हणाली, "वहिनी, फ्लॉवरची भाजी बरी झालीय गो." टोमणा नव्हता तो, तिला खरंच भाजी वाटली होती!

त्यानंतर मी हे इतक्या वेळा केलंय की घरातले आता फ्लॉवर दिसला की पळतात. बाजारातल्या एका गाड्यावरच्या अण्णांना विचारून विचारून भंडावून सोडलं, त्यांनी एकच गोष्ट सांगितली, "ताई, गोबीचा दुश्मन पाणी. कुठनं कुठनं पाणी येतंय ते बघा." आणि खरंच सगळं त्यातच आहे. फ्लॉवरवरचं पाणी, फ्लॉवरच्या आतलं पाणी, पिठातलं पाणी, सॉसमधलं पाणी, आणि आपल्याकडे पावसात हवेतलं पण. खाली जे लिहिलंय ते अर्धा किलो फ्लॉवरसाठी, चार माणसांना संध्याकाळचं खाणं म्हणून पुरतं. आधी ड्राय मंच्युरियन शिका, ग्रेव्हीवालं नंतर.

काय काय लागतं

कोटिंगला: तुरे काढलेला फ्लॉवर अर्धा किलो, कॉर्नफ्लोर अर्धी वाटी आणि वरून भुरभुरायला दोन मोठे चमचे वेगळं, मैदा पाव वाटी, तांदळाचं पीठ एक मोठा चमचा, मीठ, मिरपूड, काश्मिरी मिरची पावडर एक छोटा चमचा, फ्रीजमधलं गार पाणी. वाटी म्हणजे मोजायचा कप, 240 मिलीचा. आमटीची वाटी घेतली तर सगळीकडे तीच घ्या.

सॉसला: लसूण दहा-बारा पाकळ्या, आलं इंचभर, हिरव्या मिरच्या दोन, कांदा एक लहान, ढबू मिरची अर्धी, सोया सॉस, रेड चिली सॉस, टोमॅटो केचप, व्हिनेगर, चिमूटभर साखर, पातीचा कांदा.

भांडी: खोलगट कढई, झारा, मोठी जाळीची चाळण किंवा वायर रॅक, सुती पंचा, आणि सॉससाठी दुसरी पसरट कढई. एकच कढई असेल तर तळून झाल्यावर तेल काढून, कढई घासून मग सॉस करेपर्यंत फ्लॉवर मऊ पडतो, म्हणून दुसरी आधी शोधून ठेवा.

तेल साधं रिफाइंड सनफ्लॉवर घ्या. आमच्या घरी खोबरेल तेलावर सगळं चालतं, मी एकदा त्यात तळून बघितलं, कुरकुरीत झालं पण सोया सॉससोबत तो वास काही जुळेना.

1. पुडी नीट बघून आणा

हे हसण्यासारखं वाटेल पण मी स्वतः फसलेय. दुकानात "मक्याचं पीठ" मागितलं तर पिवळं पीठ मिळतं, ते भाकरीचं. आपल्याला पांढरंशुभ्र, बोटांत दाबलं की करकर वाजतं ते हवं, म्हणजे मक्याचा नुसता स्टार्च. पुडीवर कॉर्नफ्लोर लिहिलेलं असो की कॉर्न स्टार्च, आपल्याकडे वस्तू तीच. पिवळ्या पिठाचं कोटिंग रवाळ होतं आणि तेलात सुटतं.

2. फ्लॉवर धुवा, पण गार पाण्यात घालू नका

तुरे मध्यम करा, लिंबाच्या आकाराचे. फार बारीक केले तर आत फ्लॉवर लागत नाही, नुसतं पीठ लागतं. मोठे केले तर देठ कच्चा राहतो. प्रत्येक तुऱ्याला थोडा देठ असू द्या, तो आतून करकरीत राहतो आणि तुरा सुटत नाही.

अळ्यांसाठी उकळत्या पाण्यात मीठ घालून तुरे एक मिनिट टाका, एकच मिनिट, आणि चाळणीत उपसा. आता इथे बऱ्याच जणी त्यावर गार पाणी ओततात, तसं करू नका. गरम तुरा चाळणीत ठेवला की त्याच्या अंगच्या उष्णतेनेच वाफ निघून जाते आणि तो बाहेरून कोरडा पडतो. गार पाणी ओतलं की ती वाफ गेलीच, उलट फुलाच्या बारीक बारीक फटींत पाणी अडकून बसतं. चाळणीतून पंच्यावर काढा, देठ वर आणि फूल खाली असे उलटे ठेवा, म्हणजे फटींतलं पाणी खाली निथळतं. पंख्याखाली अर्धा तास.

जुलै-ऑगस्टात आपल्याकडे अर्ध्या तासात पंचा पण वाळत नाही, तुरे कुठले. तेव्हा मी जाड बुडाची कढई नुसती तापवते, तुरे त्यात टाकते, मंद आचेवर दोन-तीन मिनिटं हलवत राहते, तेल नाही काही नाही. वाफ निघताना दिसते. ती थांबली की काढायचे. पूर्ण गार होऊ द्या मगच पीठ लावा, गरम तुऱ्यावर पीठ आधीच चिकट होतं.

कोरडा झाला की नाही कसं कळणार? एक तुरा घेऊन तळहातावर जोरात आपटा. पाण्याचा एकही थेंब उडता कामा नये.

3. कॉर्नफ्लोर किती, मैदा किती आणि का

दोघांची कामं वेगळी आहेत हे कळलं की प्रमाण पाठ करावं लागत नाही. मैद्यात ग्लुटेन असतं, पाणी लागलं की ते चिकट होतं आणि पीठ फ्लॉवरला धरून ठेवतं. पण तेच ग्लुटेन तळल्यावर थोड्या वेळाने चिवट होतं, आणि सॉस लागला की ओल्या पावासारखं मऊ. कॉर्नफ्लोरमध्ये ग्लुटेनच नाही, नुसता स्टार्च, तो तळला की कडक पापडी होते. पण एकटं कॉर्नफ्लोर नीट धरत नाही, सुकलं की तडकतं आणि झाऱ्याने हलवलं की सोलून निघतं.

म्हणून मी फ्लॉवरला दोन भाग कॉर्नफ्लोर आणि एक भाग मैदा घेते. बऱ्याच ठिकाणी अर्धं-अर्धं सांगतात, लगेच नुसतं खायचं असेल तर तेही चांगलं लागतं, पण सॉसमध्ये टाकायचं असेल तर मैदा कमीच हवा. तांदळाचं पीठ एक चमचा, त्याने पापडी जरा जास्त वेळ कडक राहते. दोन चमच्यांच्या वर गेलात तर दाताला टोचतं.

खायचा सोडा घालायचा मोह होईल. फुगतं छान, पण फुगलेलं कोटिंग म्हणजे भोकं भोकं, त्यात तेल शिरतं आणि मग सॉस पण. मी घालत नाही. सोया सॉस सुद्धा पिठात घालू नका, रंग लवकर काळा पडतो आणि आपण घाबरून लवकर काढतो.

4. आधी कोरडं, मग ओलं

कोरडे तुरे मोठ्या भांड्यात घ्या, बाजूला ठेवलेले दोन चमचे कॉर्नफ्लोर वरून टाका आणि भांडंच हलवा, हात घालू नका. प्रत्येक तुऱ्यावर पांढरी धूळ बसली पाहिजे. उरलंसुरलं पाणी ही धूळ पिऊन टाकते आणि पुढचं पीठ तिला घट्ट धरतं. ही पायरी गाळली की कोटिंग तेलात सुटून फुलं एकीकडे आणि पीठ एकीकडे होतं. तुऱ्यांना आधीपासून मीठ लावून ठेवू नका, मीठ आतलं पाणी बाहेर ओढतं. मीठ पिठातच.

आता अर्धी वाटी कॉर्नफ्लोर, पाव वाटी मैदा, तांदळाचं पीठ, अर्धा चमचा मीठ, मिरपूड, मिरची पावडर एकत्र करा आणि गार पाणी थोडं थोडं घाला. साधारण अर्ध्या वाटीला जरा कमीच लागेल, पण एकदम ओतू नका, शेवटचे दोन चमचे हातात ठेवा. गार एवढ्यासाठी की गार पाण्यात मैद्याचं ग्लुटेन कमी जागं होतं. घोटत पण बसू नका, दोन-चार लहान गुठळ्या राहिल्या तर राहू द्या.

पीठ किती पातळ? एक तुरा बुडवून उचला. जादाचं पीठ ओघळून गेलं पाहिजे आणि मागे पातळ पदर राहिला पाहिजे, ज्यातून फुलाचे कंगोरे दिसतात. कंगोरे बुजले तर जाड आहे, आत कच्ची पिठूळ चव राहणार. पांढरं फूल उघडं दिसलं तर पातळ, चमचाभर कॉर्नफ्लोर घाला.

आणि एक मोठी गंमत, कॉर्नफ्लोर पाण्यात विरघळत नाही, तळाला बसतं. म्हणून पहिल्या घाण्याला पातळ पाणी लागतं आणि शेवटच्या घाण्याला खाली बसलेला गोळा. प्रत्येक घाण्याआधी तळापासून ढवळा. मी बरेच दिवस समजत होते की माझा गॅसच कमीजास्त होतोय.

5. दोनदा तळायचं, आणि मध्ये थांबायचं

कढई अर्धीच भरा. थर्मामीटर असेल तर पहिलं तळण 160-165 डिग्रीला. नसेल तर पिठाचा थेंब टाका, तो आधी खाली जाऊन मग सावकाश वर आला तर बरोबर. दहा-बारा तुरेच टाका, एक एक करून, आणि पहिलं मिनिटभर झारा लावू नका. ओलं कोटिंग तेव्हा नुसतं टेकलेलं असतं, झारा लागला की निघतं. जास्त भरले तर तेल थंड होतं, मग ते तळणं नाही, तेलात उकडणं.

चार मिनिटांत बुडबुडे कमी व्हायला लागतात, रंग फिकट बदामी, देठात टूथपिक थोडी अडखळत जाते. काढा. वायर रॅकवर किंवा चाळणीवर पसरा, एकावर एक नको. टिश्यूवर ठेवू नका, गरम वस्तूखालची वाफ तिथेच अडकते आणि खालची बाजू ओली होते. वर्तमानपत्र तर नकोच, त्याची शाई पोटात जाते.

दहा मिनिटं थांबा. या वेळात आतल्या फ्लॉवरचं पाणी बाहेर कोटिंगमध्ये येतं, हात लावलात तर मऊ लागेल, घाबरू नका. हे बाहेर आलेलं पाणीच दुसऱ्या तळणात उडवायचं असतं. एकदाच जास्त वेळ तळून हे होत नाही, बाहेरून करपतं आणि ताटात गेल्यावर आतलं पाणी येऊन मऊ करतंच.

दुसरं तळण मोठ्या आचेवर, 180 ते 190 डिग्री, थेंब टाकल्या टाकल्या वर उसळला पाहिजे. दीड ते दोन मिनिटं. झाऱ्यात घेऊन हलवलं की खडखड आवाज आला म्हणजे झालं. मी रंगापेक्षा आवाजावर जास्त भरवसा ठेवते, कारण मिरची पावडरीने रंग फसवतो.

पण दुसऱ्या तळणाला हात लावण्याआधी पुढची पायरी वाचा.

6. सॉस आधी तयार हवा

क्रम हा असा: पहिलं तळण, मग सॉस, मग दुसरं तळण, मग टॉस. मी श्रावणात नेमकं उलटं केलं होतं.

दोन मोठे चमचे तेल खूप तापवा, लसूण, आलं, मिरची बारीक चिरलेली टाका, अर्धा मिनिट. कांदा आणि ढबू मिरची चौकोनी, मोठ्या आचेवर एक-दीड मिनिट, नुसती चमक यायला. इथे मीठ टाकू नका, कांद्याला पाणी सुटतं. मंद आचेवर पण सुटतं. मग सोया सॉस एक मोठा चमचा, रेड चिली सॉस दीड, केचप दोन, साखर अर्धा छोटा चमचा, आणि पाणी फक्त पाव वाटी. उकळी आली की एक छोटा चमचा कॉर्नफ्लोर दोन मोठे चमचे पाण्यात कालवून ओता आणि ढवळत राहा.

टाकल्यावर सॉस आधी गढूळ दिसतो. तो चकचकीत होईपर्यंत उकळायचा, नाहीतर खडूसारखी चव लागते. त्यातही आणखी आटवा. कधी थांबायचं? उलथनं कढईच्या बुडावर ओढा, रेघ पडली पाहिजे आणि क्षणभर तशीच राहिली पाहिजे. लगेच भरून आली तर सॉस अजून पातळ आहे. दाट सॉसमधलं पाणी स्टार्चने धरून ठेवलेलं असतं, म्हणून तो कोटिंगवर बसतो. पातळ सॉसमधलं पाणी मोकळं असतं, ते सरळ आत शिरतं.

सॉस एवढा कमी दिसेल की वाटेल हा पुरणार कसा. पुरतो. फ्लॉवरला सॉसचं पांघरूण हवं, आंघोळ नको.

व्हिनेगर एक छोटा चमचा, गॅस बंद केल्यावर. आंबट घालून खूप उकळलं की कॉर्नफ्लोरचा दाटपणा सैल पडतो. माडाचं व्हिनेगर घरात असेल तर तेही चालतं, माझ्याकडचं कमी आंबट आहे म्हणून मी दीड चमचा घालते. मीठ चाखून मगच, सोया सॉस खारट असतो.

7. टॉस, वीस सेकंद

सॉसची कढई बंद गॅसवर आहे, बाजूला दुसरं तळण चालू आहे. तुरे रॅकवर काढून अर्धा मिनिट तेल निथळू द्या, मग सॉसमध्ये टाका, कढई उचलून उडवा किंवा दोन उलथन्यांनी खालून वर करा, पंधरा-वीस सेकंद, बस. गॅस चालू ठेवून उकळत्या सॉसमध्ये "एक वाफ" काढलीत की खेळ संपला. झाकण तर अजिबात नाही. पातीचा कांदा वरून टाकून लगेच वाढा.

किती वेळ टिकतं? माझ्याकडे उन्हाळ्यात दहा-बारा मिनिटं चांगलं कुरकुरीत, पावसात सात-आठ. कुणी अर्धा तास सांगत असेल तर मला दाखवा. ग्रेव्ही मंच्युरियन कुरकुरीत राहतच नाही, ते स्वीकारा. ग्रेव्ही वेगळ्या बाऊलमध्ये द्या आणि ज्याने त्याने ताटात ओतून घ्यावी.

रंगाबद्दल थोडं

जत्रेतल्या गाड्यांवर दिसतो तसा लालभडक रंग घरी येणार नाही, आणि यायला पण नको. 2024 च्या सुरुवातीला म्हापसा पालिकेने गोबी मंच्युरियनच्या गाड्यांवर बंदी घातली तेव्हा अस्वच्छता आणि कृत्रिम रंग हीच कारणं पुढे आली होती. तेव्हा आमच्याकडे पोरांनी सुतक पाळलं होतं. काश्मिरी मिरची आणि केचपने तांबूस तपकिरी रंग येतो, तो पुरे.

8. चिली पोटॅटो करायचं असेल तर

बराचसा प्रकार तोच, फरक पाण्याचा आणि साखरेचा. बटाट्याच्या बोटाएवढ्या फोडी करा, पाणी स्वच्छ येईपर्यंत दोन-तीनदा धुवा म्हणजे वरचा चिकट स्टार्च जातो, मग मिठाच्या उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं, वाकतील पण तुटणार नाहीत इतपत. निथळून, पंच्यावर कोरड्या करून, पूर्ण गार करून घ्या. बटाट्याला ओलं पीठ मी फार थोडं लावते. तीन मोठे चमचे कॉर्नफ्लोर, एक मैदा, मीठ आणि दोन-तीन चमचे पाणी, म्हणजे नुसता लेप, आणि वरून पुन्हा कोरडं कॉर्नफ्लोर भुरभुरवून जादाचं झटकून टाकते. बटाटा सपाट असतो, फ्लॉवरसारखे कंगोरे नसतात, म्हणून जाड पीठ त्यावरून पट्टीसारखं निघतं.

बटाटे फ्रीजमध्ये ठेवलेले नकोत. थंडीत त्यांच्यातल्या स्टार्चची साखर होते, आणि मग तळताना आत कच्चे असतानाच बाहेरून तपकिरी होतात. तुम्हाला वाटतं झालं, आणि होत नाही. बाकी तळणं दोनदाच, सॉस तसाच दाट, वरून तीळ आणि हवं तर गॅस बंद करून चमचाभर मध.

बिघडलं तर कारण कुठे शोधायचं

कोटिंग तेलात सुटलं तर तुरे ओले होते किंवा झारा घाईने लावला. तळून निघाल्यावर कुरकुरीत होतं पण रॅकवर पाच मिनिटांत मऊ झालं तर दुसरं तळण कमी पडलं किंवा तेल थंड होतं, सॉसचा दोष नाही. रॅकवर चांगलं होतं आणि सॉसमध्ये गेल्यावर पडलं तर सॉस पातळ होता. कोटिंग कडक पण चिवट, चघळायला लागतंय, तर मैदा जास्त झाला किंवा पीठ जास्त घोटलं. हे ओळखायला एक तुरा सॉसमध्ये न टाकता बाजूला ठेवायचा आणि शेवटी चाखायचा, मी अजूनही ठेवते.

पाहुणे उशिरा येणार असतील तर

पहिलं तळण करून, पूर्ण गार करून, ताटात पसरून उघडंच फ्रीजमध्ये ठेवा, तीन-चार तास आरामात राहतं, फ्रीजची कोरडी हवा कोटिंगला चांगलीच. डब्यात भरून झाकण लावू नका. सॉस पण आधी करून ठेवता येतो, गार झाला की जास्त घट्ट होतो, गरम करताना एक चमचा पाणी पुरे, दोन नको. पाहुणे चप्पल काढत असतील तेव्हा तेल तापत ठेवायचं. ते पाणी पिऊन, "पाऊस काय म्हणतो" वगैरे होईपर्यंत दुसरं तळण होतं. नणंद यंदा परत आली तेव्हा असंच केलं, तिने पहिला तुरा कढईतूनच उचलला आणि जीभ भाजून घेतली.